नवं स्टेशन किती तिकिटं वाढवतं?

आठवी-नववीच्या गणितात एक प्रश्न हमखास येतो. काही संख्या ओळीने दिलेल्या असतात आणि n वे पद काढायला सांगितलेलं असतं. म्हणजे शंभरावी संख्या हवी असेल तर मधल्या सगळ्या न लिहिता थेट तिथे पोचवणारं सूत्र शोधायचं. त्यासाठी फरकांची पद्धत आहे. शेजारशेजारच्या पदांची वजाबाकी करायची, जमलं नाही तर त्या फरकांचीही वजाबाकी करायची, आणि सारखी संख्या कुठे मिळते ते बघायचं. या पद्धतीवर किती विसंबावं याबाबत मुलुंडच्या आत्याचं आणि बोरिवलीच्या भाच्याचं पटत नाही. आत्या मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आहे. भाचा स्वतःचा क्लास चालवतो. वाद गणिताचा असला तरी त्यात रिक्षाचं मीटर आलं, मेट्रोची तिकिटं आली आणि शेवटी भाकरीही आली.

भाचा : आत्या, माझ्याकडे येणारी मुलं फरक झरझर काढतात, सूत्रही लिहितात. पण हेच सूत्र का आलं, असं विचारलं की गप्प बसतात. मला वाटतं, आपण ही पद्धत त्यांच्या हातात फार लवकर देतो.

आत्या : आणि मला वाटतं तू फार उशिरा देतोस. मुलापुढे पाच संख्या ठेवल्या, तर त्याने सुरुवात कुठून करायची? 'विचार कर' म्हटलं की तो वरच्या पंख्याकडे बघत बसतो. 'वजाबाकी कर' म्हटलं की पेन्सिल चालायला लागते. पेन्सिल चालली की काहीतरी दिसतं, आणि दिसल्यावरच विचार करता येतो.

भाचा : दिसतं ते नेहमी खरं असतं का?

आत्या : साधं उदाहरण घेऊ, मग ठरव. आपल्या उपनगरातली रिक्षा. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे असा दर झाला. रात्रीचं जादा भाडं, वेटिंग, रुपयाच्या हिशेबात पैसे पूर्ण करणं, हे सगळं बाजूला ठेव. दीड, अडीच, साडेतीन आणि साडेचार किलोमीटरचं भाडं लिही.

भाचा : २६, ४३.१४, ६०.२८, ७७.४२.

आत्या : शेजारच्या पदांमधला फरक प्रत्येक वेळी १७.१४. पहिल्याच ओळीत सारखा फरक मिळाला, म्हणजे सूत्रात n असणार, n चा वर्ग नसणार. आता १७.१४ चा पाढा या भाड्यांच्या खाली लिही : १७.१४, ३४.२८, ५१.४२, ६८.५६. वरच्या ओळीतून खालची वजा कर. २६ मधून १७.१४ गेले, उरले ८.८६. ४३.१४ मधून ३४.२८ गेले, पुन्हा ८.८६. चारही ठिकाणी तेच उरतं. म्हणून n वं भाडं १७.१४n + ८.८६. दहावं पद काढायचं तर १७१.४ मध्ये ८.८६ मिळव. साडेदहा किलोमीटरचे १८०.२६ रुपये झाले. यात न समजण्यासारखं काय आहे?

भाचा : न समजण्यासारखं ते ८.८६ आहे. हे कोणाचं भाडं? कुठल्या प्रवाशाने कधी दिलं? मुलं ही संख्या काढतात आणि ती कशाची आहे हे त्यांना माहीत नसतं. म्हणूनच परीक्षेत कोणी n + १७.१४ लिहितं, कोणी २६ + १७.१४n लिहितं.

आत्या : ते पकडायला सोपं आहे. n च्या जागी १ घालून बघायचं. n + १७.१४ ने पहिलं भाडं १८.१४ येतं, म्हणजे चूक. २६ + १७.१४n ने ४३.१४ येतं. ते दुसरं पद आहे, पहिलं नाही. मूल एक पायरी पुढे गेलं.

भाचा : चूक झाली हे कळतं, पण का झाली हे कळत नाही. मी असं सांगतो : पहिल्या पदावर आपण उभेच आहोत, तिथे यायला एकही पायरी चढलो नाही. दुसऱ्यावर जायला एक पायरी, तिसऱ्यावर दोन. n व्या पदापर्यंत n − १ पायऱ्या होतात. म्हणून भाडं २६ + १७.१४(n − १). कंस सोडवला की २६ मधून १७.१४ जातात आणि तुझे ८.८६ उरतात. हे असं हातात आलं की ती संख्या उपरी वाटत नाही.

आत्या : चांगलं सांगतोस. पण ८.८६ ला तू उगाच नावं ठेवतोस. ते शून्यावं पद आहे. पहिल्या पदाच्या मागे एक पायरी उतरलास की ते मिळतं.

भाचा : मग n च्या जागी शून्य घाल आणि रिक्षात बस. शून्यावं पद म्हणजे अर्ध्या किलोमीटरचं भाडं. सूत्र म्हणतं ८ रुपये ८६ पैसे. मीटर किती दाखवेल?

आत्या : २६.

भाचा : मग सूत्र चुकलं?

आत्या : सूत्र चुकलं नाही, आपण त्याला त्याच्या हद्दीबाहेर नेलं. दीड किलोमीटरच्या आत भाडं वाढतच नाही, त्यामुळे मागे उतरायला पायरीच नाही. n ची सुरुवात १ पासून, हे सूत्राबरोबरच लिहायला हवं. इथे तुझं म्हणणं मला मान्य आहे. फरक कुठपर्यंत सारखा राहणार हे वजाबाकीतून कळत नाही, ते रिक्षाच्या दराच्या नियमातून कळतं.

भाचा : मला एवढंच म्हणायचं होतं. आता जरा अवघड उदाहरण घेऊ. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. ८ जून २०१४ ला सुरू झाली, स्टेशनं १२. कुठल्याही दोन स्टेशनांची एक जोडी धर. वर्सोवा ते साकीनाका ही एक जोडी, साकीनाका ते वर्सोवा हीसुद्धा तीच. अशा जोड्या एकूण किती? तुझी पद्धत लाव.

आत्या : बारा स्टेशनांवर एकदम उडी नको. खरी मेट्रो सगळ्या स्टेशनांसह एकदम सुरू झाली, पण वहीत आपण तिची स्टेशनं एकेक करून उघडू. एकच स्टेशन असेल तर जोडी शून्य. दोन असतील तर एक. तीन असतील तर तीन. चार असतील, म्हणजे वर्सोवा, डी. एन. नगर, आझाद नगर आणि अंधेरी, तर मोज.

भाचा : सहा. आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवे धरून पाच झाली की दहा.

आत्या : आता मांडणी बघ.

पदे : ०, १, ३, ६, १०
पहिला फरक : १, २, ३, ४
दुसरा फरक : १, १, १

पहिला फरक सारखा नाही, पण तो एका चालीने वाढतो. दुसरा फरक सारखा आहे. याचा अर्थ सूत्रात n² आहे. किती n² ते ठरवायला वर्गसंख्यांचेच फरक काढ. १, ४, ९, १६, २५ यांचे फरक ३, ५, ७, ९ आणि त्यांचे दुसरे फरक २, २, २. म्हणजे एका n² पासून दुसरा फरक २ येतो. आपल्याकडे १ आला, म्हणून आपल्या सूत्रात अर्धा n². नियम एका ओळीचा आहे : दुसऱ्या फरकाचं निम्मं म्हणजे n² चा गुणक.

भाचा : मुलं हमखास चुकतात ती इथेच. निम्मं करायचं विसरतात.

आत्या : विसरतात, पण ती चूक लपत नाही. आधी हे पुरं करू. अर्ध्या n² ची ओळ ०.५, २, ४.५, ८, १२.५. ती आपल्या पदांतून वजा केली की उरतं −०.५, −१, −१.५, −२, −२.५. ही साधी पाढ्याची ओळ आहे, −०.५n. दोन्ही जोडले की n²/२ − n/२. १२ घालून बघ. १४४ चं निम्मं ७२, त्यातून ६ गेले, ६६. तुझ्या मेट्रोत ६६ जोड्या.

भाचा : उत्तर बरोबर आहे. पण पाच स्टेशनांपर्यंत मोजून तू बारापर्यंत गेलीस. सहाव्या स्टेशनाला फरक ५ च येईल, ६ येणार नाही, याची खात्री कोणी दिली? तक्त्याने तर दिली नाही.

आत्या : तू देणार का?

भाचा : देतो. तिकीटदराचा चौकोनी तक्ता डोळ्यांपुढे आण. उभ्या बाजूला स्टेशनांची नावं, आडव्या बाजूलाही तीच नावं. n स्टेशनं असली तर चौकटी n². साकीनाक्याहून साकीनाक्याला कोणी जात नाही, म्हणून कर्णावरच्या n चौकटी काढून टाक. उरल्या n² − n. जाण्याची आणि येण्याची जोडी एकच धरली आहे, म्हणून निम्म्या कर. तुझंच सूत्र आलं, आणि एकही वजाबाकी न करता आलं. १२ साठी आलं तसं १२०० साठीही येईल. मग फरक कशाला काढायचे?

आत्या : कारण हा तक्ता तुला सुचला. वर्गातल्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीला तो सुचेलच असं नाही. पण १, २, ३, ४ हे फरक तिच्या वहीत आलेले आहेत. मी तिला विचारेन, 'हा ४ कुठून आला?' चार स्टेशनं होती, पाचवं उघडलं. नव्या स्टेशनाची जुन्या चारही स्टेशनांशी एकेक जोडी झाली. जुन्यांच्या आपसातल्या जोड्या होत्या तशाच राहिल्या. म्हणून वाढ ४. सहावं उघडलं की वाढ ५, बारावं उघडलं की ११. आता सांग, खात्री मिळाली की नाही?

भाचा : मिळाली. म्हणजे फरकाची ओळ ही नव्याने आलेल्याने किती भर घातली याचा हिशेब झाली.

आत्या : तेच तर मी इतका वेळ सांगते आहे. पद सांगतं एकूण किती, फरक सांगतो नवीन किती. नवीन किती याचं कारण पुष्कळदा जास्त सोपं असतं.

भाचा : पण परीक्षेत स्टेशनं नसतात. नुसत्या संख्या असतात. ५, १२, २३, ३८, ५७. इथे कोण नवीन आलं हे कोणाला विचारू?

आत्या : इथे विचारू नकोस, तक्ता कर. पहिले फरक ७, ११, १५, १९. दुसरे फरक ४, ४, ४. निम्मं २, म्हणून २n². त्याची ओळ २, ८, १८, ३२, ५०. वजा केल्यावर उरलं ३, ४, ५, ६, ७. पुन्हा आपली रिक्षाच आली, फरक सारखा, १. म्हणजे n + २. पूर्ण सूत्र २n² + n + २. पाचवं पद तपास : ५० + ५ + २ = ५७.

भाचा : आणि निम्मं न करणारा?

आत्या : तो ४n² धरतो. त्याची ओळ ४, १६, ३६, ६४, १००. वजा केल्यावर उरतं १, −४, −१३, −२६, −४३. या उरलेल्याचे फरक −५, −९, −१३, −१७. सारखे नाहीत. n² चा भाग बरोबर काढला असेल तर उरलेली ओळ रिक्षासारखी सरळ यायलाच हवी. ती सरळ आली नाही, म्हणजे गुणक चुकला. उत्तरपत्रिका तपासायला दुसऱ्या कोणाची गरज नाही, मुलाला स्वतःलाच कळतं. तुझ्या 'का' ला ही सोय आहे का?

भाचा : ही सोय खरंच मोठी आहे. पण उरलेली ओळ सरळ का यायला हवी, हेही त्याला सांग ना. n असलेल्या भागाचा पहिला फरक सारखा असतो, म्हणून त्याचा दुसरा फरक शून्य. नुसत्या संख्येचा तर पहिलाच फरक शून्य. म्हणजे दुसऱ्या फरकात जे दिसतं ते एकट्या n² चं असतं. ते काढून टाकलं की दुसरा फरक शून्य होणार आणि सरळ ओळच उरणार. दोन वाक्यांचं कारण आहे, ते लपवायचं कशाला?

आत्या : लपवत नाही. फक्त ते तक्ता झाल्यावर सांगते.

भाचा : बरं, आता माझं शेवटचं कोडं. १, २, ४. पुढचं पद?

आत्या : फरक १, २. दुसरा फरक १. पुढचा फरक ३, म्हणून ७.

भाचा : वर्तमानपत्राचा कागद घे. घडी न घालता पदर १. एक घडी घातली की २, दोन घड्या घातल्या की ४. तिसरी घाल.

आत्या : ८.

भाचा : मग ७ कुठे गेले?

आत्या : ७ भाकरीत आहेत. न कापलेली भाकरी म्हणजे १ तुकडा. सुरीने आरपार एक सरळ काप दिला की २. दुसरा काप पहिल्याला छेदून दिला की ४. तिसरा काप दोन्ही जुन्या कापांना छेदून जाऊ दे, पण ते छेदतात त्याच ठिकाणावरून नको. तो तीन तुकड्यांतून जातो, तिघांचेही दोन-दोन करतो, म्हणून ३ वाढतात. ४ आणि ३, सात. ही ओळ १, २, ४, ७, ११ अशी जाते. नीट बघ, तुझ्या मेट्रोच्या प्रत्येक पदात १ मिळवलेला आहे.

भाचा : म्हणजे १, २, ४ हे कागदाचंही खरं आणि भाकरीचंही खरं. नुसत्या तीन संख्यांवरून ठरवणार कसं?

आत्या : ठरवता येत नाही. तीन पदं असली की दुसरा फरक एकच निघतो, आणि एकटी संख्या सारखीच असणार, तुलना कोणाशी करणार? तीन पदांत कोणतीही ओळ n² च्या सूत्रात बसवता येते. निदान चार पदं हवीत, पाच असली तर बरं. कागदाची ओळ १, २, ४, ८, १६ पर्यंत नेऊन फरक काढ : १, २, ४, ८. पुन्हा काढ : १, २, ४. कितीही ओळी काढल्या तरी तीच ओळ परत येते, सारखी संख्या मिळतच नाही. असं झालं की समजायचं, इथे ही पद्धत लागू नाही. वाढ बेरजेची नसून पटीची आहे.

भाचा : आणि दहा पदं असली तरी अकरावं वेगळं निघू शकतं.

आत्या : निघू शकतं. म्हणून प्रश्नात फक्त संख्या असतील तर उत्तर 'दिलेल्या पदांवरून हे सूत्र बसतं' एवढंच असतं. प्रश्नात रिक्षा, स्टेशन किंवा भाकरी असेल, तर फरकाचं कारण एका वाक्यात लिहायचं, आणि मग ते सूत्र पक्कं.

इथे दोघांचा वाद मिटला असं नाही. आत्या अजूनही आधी तक्ता मांडते आणि भाचा आधी चित्र काढतो. पण वर्गात दोन्ही लागतात, आणि आत्याचा क्रम जास्त मुलांना पेलतो. सूत्राचा आकार फरक सांगतात : पहिला फरक सारखा असेल तर n, दुसरा सारखा असेल तर n², आणि त्याचा गुणक दुसऱ्या फरकाच्या निम्मा. ते सूत्र पुढेही टिकेल की नाही, हे मात्र फरकाचं कारण सांगतं. ते कारण सांगता आलं नाही तर आपल्या हाती आलेला तो चांगला अंदाज असतो, त्याहून जास्त नाही.

आता एक काम वाचकासाठी. मरोळ नाक्याला मेट्रो बदलून ज्यावर जाता येतं, त्या आरे ते कफ परेड मार्गावर २७ स्टेशनं आहेत. तिथे किती जोड्या होतील ते आधी सूत्राने काढा. मग २६ स्टेशनांसाठी काढा आणि दोन उत्तरांतला फरक २६ येतो का ते बघा. २७ साठी तुमचं उत्तर ३५१ यायला हवं. फरक २६ च का यावा, हे घरातल्या आठवीतल्या मुलाकडून एका वाक्यात वदवून घ्या. ते वाक्य आलं तर धडा झाला म्हणायचं.